ध्वनीचा वेग : न्यूटनचे गणित कोठे अपुरे पडले?

(विज्ञान प्रदर्शनाच्या निमित्ताने पालक व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज आपल्यापुढे एकच सूत्र मांडावयाचे आहे. अकरावी-बारावीच्या मुलांना ते पाठ असते. हवेतील ध्वनीचा वेग काढण्याचे हे सूत्र असे आहे :

v = √(γP/ρ)

यात v म्हणजे वेग, P म्हणजे हवेचा दाब आणि ρ म्हणजे हवेची घनता. राहिला तो γ, म्हणजे गॅमा. हवेसाठी त्याची किंमत १.४ आहे. न्यूटनने जे सूत्र दिले त्यात हा गॅमा नव्हता. तो त्यात यायला सुमारे १३० वर्षे लागली. परीक्षेत "न्यूटनच्या सूत्रात लाप्लासने दुरुस्ती केली" असे एक वाक्य लिहिले की गुण मिळतात. परंतु ही दुरुस्ती कशाची, ती का करावी लागली, आणि ती बरोबर आहे हे कशावरून, हे प्रश्न बहुधा विचारलेच जात नाहीत. त्यांचीच उत्तरे आज पाहू. ज्या पालकांचा गणिताशी संबंध सुटून वीस वर्षे झाली असतील, त्यांनीही घाबरू नये. बेरीज, भागाकार आणि वर्गमूळ यांपलीकडे यात काही नाही.

प्रथम ध्वनी हवेतून जातो म्हणजे काय होते ते पाहू. मी येथे बोलतो तेव्हा माझ्या तोंडातील हवा आपल्या कानापर्यंत वाहत येत नाही. तोंडाजवळची हवा किंचित दाबली जाते, ती पुढच्या हवेला दाबते, ती त्याच्या पुढच्या हवेला. दाटीमागून विरळपणा येतो, विरळपणामागून पुन्हा दाटी. अशा दाट व विरळ पट्ट्यांची रांग पुढे सरकत जाते. ती किती वेगाने सरकेल हे दोन गोष्टींवर ठरते. हवा दाबली असता किती जोराने उलट रेटते, ही पहिली गोष्ट. तिला आपण हवेचा ताठपणा म्हणू. पुस्तकात याला स्थितिस्थापकता म्हणतात. दुसरी गोष्ट म्हणजे जी हवा हलवायची तिचा जडपणा, म्हणजेच घनता. ताठपणा जास्त तर वेग जास्त, जडपणा जास्त तर वेग कमी. ताठपणाला घनतेने भागावे आणि वर्गमूळ काढावे, की वेग मिळतो. न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'प्रिन्सिपिया' ग्रंथात हे दाखवून दिले, आणि यात आजही काही बदल झालेला नाही.

प्रश्न राहतो तो हवेचा ताठपणा किती धरायचा हा. न्यूटनपुढे बॉइलचा नियम होता. तापमान कायम असेल तर हवेचे आकारमान जितके कमी करावे तितका दाब वाढतो. आकारमान एक टक्का घटवले तर दाब एक टक्का वाढतो. यावरून हिशेब केला की हवेचा ताठपणा म्हणजे हवेचा दाबच, असे उत्तर येते. म्हणून न्यूटनचे सूत्र झाले v = √(P/ρ).

आता आकडे घालून पाहू. शून्य अंश सेल्सिअस तापमानाला हवेचा दाब एका चौरस मीटरवर १,०१,३०० न्यूटन आणि एक घनमीटर हवेचे वजन १.२९३ किलोग्रॅम. भागाकार करून वर्गमूळ काढले की येतात २८० मीटर प्रतिसेकंद. प्रत्यक्षात शून्य अंशाला ध्वनी सेकंदाला सुमारे ३३१ मीटर जातो. म्हणजे गणित प्रत्यक्षापेक्षा ५१ मीटर कमी पडते. ही तफावत काही किरकोळ नव्हे.

न्यूटनच्या काळीही ही तफावत लपून राहिली नाही. त्याच्या हिशेबाने सेकंदाला ९७९ फूट येत होते. इंग्लंडमध्ये अपमिन्स्टर गावच्या डर्हॅम नावाच्या धर्मोपदेशकाने तोफेचा जाळ दिसणे व आवाज ऐकू येणे यांतील वेळ मोजून १,१४२ फूट हा वेग काढला होता. मग १७१३ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत न्यूटनने एक स्पष्टीकरण जोडले. हवेचे कण घन आहेत आणि त्या कणांच्या आतून ध्वनी क्षणात पार होतो, म्हणून तेवढे अंतर वजा करावे. शिवाय हवेत वाफ असते, ती या कंपनात भाग घेत नाही, म्हणून आणखी थोडी वाढ धरावी. असे करून त्याने बरोबर १,१४२ फूट जुळवून दाखवले.

विद्यार्थी मित्रांनो, येथे क्षणभर थांबा. उत्तर जुळले, पण ते उत्तर आधी माहीत होते. कणांची जाडी किती हे कोणी मोजलेले नव्हते. ती जाडी उत्तराला सोयीची पडेल एवढी घेतली गेली. आणि वाफेचा भाग खरा असता तर अगदी कोरड्या हवेत ध्वनीचा वेग कितीतरी घटायला हवा होता. तसे होत नाही. दमट हवेत ध्वनी किंचित जलद जातो हे खरे, पण तो फरक फार लहान असतो, आणि त्याचे कारण एवढेच की वाफ हवेपेक्षा हलकी आहे. पुढे ऑयलर आणि लाग्रांज या मोठ्या गणितज्ञांनी नव्या पद्धतीने सगळे गणित पुन्हा करून पाहिले. त्यांनाही न्यूटनचाच आकडा मिळाला. म्हणजे गणितात चूक नव्हती. गणिताला जे खाद्य दिले होते त्यातच काही उणे होते.

ते उणे कोणते, हे फ्रान्समधील लाप्लासच्या ध्यानात आले. त्याच्या सूचनेवरून बियोने १८०२ साली या दिशेने पहिले गणित मांडले, आणि १८१६ साली लाप्लासने सूत्र नेमके करून प्रसिद्ध केले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : बॉइलचा नियम "तापमान कायम असेल तर" या अटीवर चालतो. ध्वनीत ती अट पाळली जाते का?

सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचा खालचा भाग तापतो, हे येथील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. थोडे घर्षणही त्यात असते, पण मुख्य कारण हे की हवा झपाट्याने दाबली की ती तापते. उलट, ट्यूबची व्हॉल्व्ह दाबून हवा सोडली तर बाहेर येणारी हवा बोटाला गार लागते. हवा मोकळी पसरली की ती थंड होते. आता हवा अगदी सावकाश दाबली तर? तयार झालेली उष्णता पंपाच्या भिंतीतून बाहेर निघून जाईल आणि तापमान होते तेवढेच राहील. अशा सावकाश क्रियेला समतापी म्हणतात, इंग्रजीत आयसोथर्मल. बॉइलचा नियम तेथे लागू. पण उष्णता बाहेर जाऊच शकली नाही, किंवा आत येऊ शकली नाही, तर त्या क्रियेला ॲडियाबॅटिक म्हणतात. तेथे बॉइलचा नियम पुरा पडत नाही.

आता मुख्य हिशेब. एक घनमीटर हवा घ्या, शून्य अंशाची. तिचे आकारमान एक टक्का कमी करा आणि उष्णता बाहेर जाऊ देऊ नका. दाबण्यासाठी आपल्याला काम करावे लागले. काम म्हणजे दाब गुणिले आकारमानातील घट. १,०१,३०० ला ०.०१ ने गुणले की १,०१३ ज्यूल. ही ऊर्जा जाणार कोठे? बाहेर जायची वाट बंद आहे, म्हणून ती हवेतच राहील आणि हवा तापवील. एक किलोग्रॅम हवा, आकारमान बदलू न देता, एक अंशाने तापवायला सुमारे ७१८ ज्यूल लागतात. आपली हवा १.२९३ किलोग्रॅम आहे, म्हणून तिला अंशाला ९२८ ज्यूल लागतील. १,०१३ ला ९२८ ने भागा. हवा सुमारे १.०९ अंशाने तापली.

शून्य अंश सेल्सिअस म्हणजे निरपेक्ष मापाने २७३ अंश. २७३ मध्ये १.०९ म्हणजे ०.४ टक्के. वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. तेव्हा दाटीमुळे दाब एक टक्का वाढला आणि तापल्यामुळे आणखी ०.४ टक्का वाढला. एकूण १.४ टक्के. हाच तो गॅमा! तो आकाशातून पडलेला नाही. दाबलेल्या हवेने स्वतःजवळ ठेवलेल्या उष्णतेचा तो हिस्सा आहे. पुस्तकात गॅमाची व्याख्या दोन विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर अशी दिलेली असते. ती बरोबरच आहे, परंतु त्यातून येथे काय घडते हे विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे उभे राहत नाही. वरचा हिशेब वहीत एकदा स्वतः करून पाहावा.

म्हणजे झटकन दाबलेल्या हवेचा ताठपणा P नसून १.४ P आहे. वेग वर्गमूळाने वाढतो. १.४ चे वर्गमूळ १.१८३. न्यूटनच्या २८० ला १.१८३ ने गुणा. ३३१ आले. कणांची जाडी धरावी लागली नाही, वाफेची सबब सांगावी लागली नाही. आणि १.४ हा आकडा आपण ध्वनीच्या वेगावरून उलट काढलेला नाही. तो हवा तापवायला किती उष्णता लागते यावरून आला, ज्याचा ध्वनीशी वरवर पाहता काहीच संबंध नाही. न्यूटनच्या जुळवाजुळवीत आणि या दुरुस्तीत हाच फरक आहे.

येथे एक हुशार विद्यार्थी दोन शंका हमखास काढतो. त्या रास्त आहेत.

पहिली शंका अशी. ध्वनीत दाट पट्टा तापतो हे खरे, पण विरळ पट्टा थंड होतो. एकाने वाढवले ते दुसऱ्याने घटवले, मग हिशेब फिटला नाही का? उत्तर, नाही. वेग वाढतो तो हवा एकंदरीत गरम झाल्यामुळे नव्हे. केवळ गरम हवेने न्यूटनचे २८० मीटर ३३१ वर न्यायचे तर सगळी हवा १०९ अंश सेल्सिअस असायला हवी! येथे प्रकार वेगळा आहे. दाट पट्टा तापल्याने तो पुढे अधिक जोराने रेटतो. विरळ पट्टा थंड झाल्याने त्याचा दाब आणखी उतरतो, म्हणून शेजारची हवा त्यात अधिक जोराने घुसते. दोन पट्ट्यांच्या दाबातील फरक दोन्ही बाजूंनी वाढला. हवेची स्प्रिंग दाबतानाही अधिक ताठ आणि ताणतानाही अधिक ताठ झाली. दोन्ही परिणाम एकमेकांना साहाय्य करतात, खोडत नाहीत.

दुसरी शंका अशी. आपल्या बोलण्याने हवा एक टक्का थोडीच दाबली जाते? बरोबर आहे. मोठ्याने बोलतानाही हवेच्या दाबातील बदल दहा लाखांत एक भाग एवढाच असतो. त्याने तापमानात पडणारा फरक एका अंशाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी भरतो. मग एवढ्याशा उष्णतेने वेगात ५१ मीटरचा फरक कसा? याचे कारण प्रमाण. दाटी लहान तर उष्णताही लहान, पण त्यांचे प्रमाण तेच राहते. दाबात जी काही वाढ झाली तिच्या चौदा भागांपैकी दहा भाग दाटीचे आणि चार भाग उष्णतेचे, मग ती कुजबूज असो वा ढोल. म्हणूनच कुजबूज आणि ढोल हे दोन्ही एकाच वेगाने जातात.

आता खरा अवघड प्रश्न. उष्णता बाहेर जात नाही हे आपण गृहीत धरले. ती का जात नाही? बहुतेक उत्तरपत्रिकांत असे लिहिलेले असते : "कंपने अतिशय जलद होतात, म्हणून उष्णतेला निघून जायला वेळ मिळत नाही." हे वाक्य अर्धेच खरे आहे. वेळ किती हे सांगितले, पण त्या वेळात जायचे किती दूर, हे सांगितले नाही. दोन्ही पाहिल्याशिवाय निकाल लागत नाही.

उष्णतेला दाट पट्ट्यातून निघून शेजारच्या थंड, विरळ पट्ट्यात जायचे आहे. हे अंतर अर्ध्या तरंगलांबीएवढे. सेकंदाला ५०० कंपने असलेला स्वर घ्या. ध्वनीचा वेग ३४० मीटर धरला तर तरंगलांबी ६८ सेंटिमीटर, आणि तिचा अर्धा भाग ३४ सेंटिमीटर. वेळ मिळतो अर्ध्या कंपनाचा, म्हणजे सेकंदाचा एक हजारावा भाग. त्यानंतर दाट पट्ट्याच्या जागी विरळ पट्टा येतो आणि उष्णतेचा ओघ उलटतो. स्थिर हवेत एवढ्या वेळात उष्णता पसरते ती सुमारे एका मिलिमीटरच्या सातव्या भागाएवढी. जायचे होते ३४ सेंटिमीटर! जवळजवळ अडीच हजार पट अंतर बाकी राहिले. म्हणून उष्णता जिथल्या तिथे अडकून पडते.

आता स्वर खालचा घ्या, सेकंदाला ५० कंपने. कंपन दसपट मंद झाले. "जलद कंपने" हेच कारण असेल, तर आता उष्णतेला जास्त वाव मिळायला हवा. हिशेब करा. वेळ दसपट मिळाला. पण टिपकागदावर पडलेला शाईचा थेंब जसा आधी भराभर आणि मग रेंगाळत पसरतो, तशीच उष्णता पसरते. चौपट वेळात दुप्पट अंतर, नऊपट वेळात तिप्पट. दसपट वेळात ती तिपटीहून थोडेच अधिक जाईल, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही थोडे कमी. आणि जायचे अंतर मात्र दसपट झाले, ३४० सेंटिमीटर. आता साडेसात हजार पट अंतर बाकी राहिले. म्हणजे कंपने मंद केली तर ध्वनी अधिकच ॲडियाबॅटिक झाला! पाठ केलेल्या वाक्यावरून निघणाऱ्या अनुमानाच्या हे नेमके उलट आहे.

तेव्हा खरे कारण असे लिहावे : एका कंपनाच्या काळात उष्णता जितकी पसरू शकते, त्या मानाने तरंगलांबी फार मोठी असते. वेळ आणि अंतर यांची तुलना या एका वाक्यात आली.

मग उलट जाऊन कंपने वाढवत नेली तर ध्वनी केव्हातरी समतापी होईल का? कानाला ऐकू येणारा वरचा स्वर सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांचा. तेथेही उष्णता शेकडो पट मागे राहते. ती तरंगलांबी गाठू लागेल तो आकडा अब्जांच्या घरात आहे. तेथे तरंगलांबी इतकी तोकडी होते की हवेचे रेणू दोन टकरींमध्ये जेवढे मोकळे धावतात, त्या अंताराच्या ती जवळ येते. तेथे हवेला सलग पदार्थ मानणेच चुकीचे ठरते आणि ध्वनी जागीच विरतो. सारांश, मोकळ्या हवेत न्यूटनच्या सूत्राला जागा मिळत नाही.

यासंबंधी इंग्लंडच्या स्टोक्सने १८५१ साली एक फार सुरेख मुद्दा दाखवला. समजा उष्णता पूर्ण अडकत नाही आणि पूर्ण निसटतही नाही, मधल्या मध्ये काही निसटते. तर काय होईल? दाबताना जेवढे काम केले तेवढे पसरताना परत मिळणार नाही. प्रत्येक कंपनात थोडी ऊर्जा बुडेल, आणि ध्वनी काही तरंगलांबींच्या आत मरून जाईल. पण तोफेचा आवाज कोसच्या कोस जातो. म्हणजे मधला मार्ग बंद. ध्वनी एकतर पूर्णपणे समतापी हवा किंवा पूर्णपणे ॲडियाबॅटिक. आणि या दोहोंत कोणता, हे वेग मोजून कळते.

तो वेग मोजण्याचा एक नामांकित प्रयोग आता पाहू. १८२२ सालच्या जून महिन्यात, २१ व २२ तारखेच्या रात्री, पॅरिसजवळ व्हिलजुईफ आणि माँलेरी या दोन ठिकाणी तोफा ठेवण्यात आल्या. मधले अंतर १८,६१२ मीटर. एका टोकाला आरागो, प्रोनी व माथ्यू, दुसऱ्या टोकाला हुम्बोल्ट, गे-लुसाक व बुवार. रात्र निवडली कारण जाळ स्पष्ट दिसावा. तोफा दोन्ही टोकांकडून आळीपाळीने डागल्या, कारण वारा एका बाजूने ध्वनीला पुढे ढकलतो तेवढाच दुसऱ्या बाजूने मागे रेटतो. सरासरी घेतली की वाऱ्याचा दोष निघून जातो. जाळ दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सरासरी ५४.६ सेकंद लागले. त्या वेळी हवेचे तापमान १५.९ अंश होते. भागाकार केला की वेग ३४०.९ मीटर.

आता दोन्ही सूत्रे याच रात्रीला लावून पाहा. १५.९ अंशाला न्यूटनच्या सूत्राने २८८ मीटर येतात. म्हणजे आवाज यायला ६४.६ सेकंद लागायला हवे होते. गॅमा घालून ३४०.८ मीटर, म्हणजे ५४.६ सेकंद. दोन भाकितांत पुरे दहा सेकंदांचे अंतर. एवढे अंतर ओळखायला बारीक घड्याळसुद्धा लागत नाही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. लाप्लासला त्या वेळी गॅमाची किंमत १.४ अशी हाती नव्हती. गे-लुसाक व वेल्टर यांनी भांड्यातील हवेवर केलेल्या प्रयोगावरून ती १.३७ च्या आसपास आली होती. त्यावरून वेग सुमारे ३३७ मीटर आला. चार मीटर कमी पडले. अशा भांड्याच्या प्रयोगात हवा झटकन मोकळी करून थंड करतात आणि तिचा दाब पाहतात. पण भांड्याच्या भिंती जवळ असतात. त्या थंड हवेला लगेच थोडी उष्णता देऊन बसतात, आणि उत्तर कमी येते. उष्णता अडकवून ठेवण्याच्या बाबतीत माणसाने केलेल्या भांड्यापेक्षा मोकळ्या हवेतील ध्वनीची लाट अधिक विश्वासू निघाली. म्हणून पुढे शास्त्रज्ञांनी उलटा रस्ता धरला. ध्वनीचा वेग मोजायचा आणि त्यावरून वायूचा गॅमा काढायचा. १८९० नंतरच्या दशकात रॅले व रॅमसे यांना आरगॉन हा नवा वायू सापडला, तेव्हा त्यातील ध्वनीच्या वेगावरून गॅमा १.६६ च्या जवळ आला. हवेसारख्या दोन-दोन अणूंच्या वायूंचा तो १.४ असतो. यावरून आरगॉनचा रेणू एकाच अणूचा आहे असे अनुमान त्यांनी केले, आणि ते खरे ठरले.

समतापी ध्वनी मग कोठेच नाही का? आहे, पण मोकळ्या हवेत नाही. जेथे घन पदार्थ अगदी जवळ असतो तेथे उष्णतेला लांब जावे लागत नाही. लाउडस्पीकरच्या पेटीत कापूस किंवा लोकर ठासतात, त्याचे एक कारण हेच आहे. तंतूंमधल्या फटी एवढ्या अरुंद की खालच्या स्वरांच्या वेळी दाबलेल्या हवेची उष्णता तंतूंत निघून जाते. त्या पेटीतील हवा बॉइलच्या नियमाने वागू लागते. ताठपणा १.४ वरून १ कडे उतरतो, आणि पेटी आहे त्यापेक्षा मोठी असल्यासारखी वागते. जवळ भिंत असली की मंद कंपने समतापी होतात. "मंद म्हणजे समतापी" हा नियम तेथे खरा आहे, आणि पाठ्यपुस्तकी वाक्याचा गोंधळ बहुधा येथूनच शिरतो. मोकळ्या हवेत भिंत नसते, तेथे शेजारचा पट्टाच तेवढा असतो, आणि तो स्वर मंद होईल तसा दूर दूर जातो.

शेवटी, ज्यांच्या शाळेत नादकाटा आणि पाण्याने भरायची अनुनाद नळी आहे, त्यांच्यासाठी एक प्रयोग. त्यासाठी तोफ लागत नाही. सेकंदाला ५१२ कंपनांचा नादकाटा घ्या. हवा ३० अंश असेल तर खऱ्या सूत्राने वेग ३४९ मीटर आणि न्यूटनच्या सूत्राने २९५ मीटर. नळीतील पाणी हळूहळू उतरवत गेले की आवाज प्रथम एका जागी मोठा होतो, पुढे दुसऱ्या जागी पुन्हा मोठा होतो. या दोन जागांमधील अंतर अर्ध्या तरंगलांबीएवढे असते. एकटी पहिली लांबी घेऊ नये, कारण नळीच्या तोंडाबाहेरची थोडी हवाही कंप पावते आणि लांबी कमी भासते. दोन लांबींची वजाबाकी केली की तो दोष आपोआप जातो. खरे सूत्र म्हणते हे अंतर ३४.१ सेंटिमीटर यावे. न्यूटनचे सूत्र म्हणते २८.८. पाच सेंटिमीटरहून अधिक फरक, तो साध्या फूटपट्टीवर दिसतो. चार सेंटिमीटर रुंदीच्या नळीत भिंतीलगतचा अगदी पातळ थर उष्णता गमावतो आणि भिंतीशी होणाऱ्या घर्षणाने रेंगाळतोही, त्यामुळे आपले उत्तर मिलिमीटर-दीड मिलिमीटरने कमी येऊ शकेल. आलेच तर ते कोठून आले हे आता तुम्हाला ठाऊक आहे.

प्रयोग करताना खोलीतील तापमान वहीत अवश्य लिहा. एका अंशाला वेग सुमारे ०.६ मीटरने बदलतो. हवेचा दाब मात्र लिहिला नाही तरी चालेल. दाब वाढला की घनताही त्याच प्रमाणात वाढते आणि भागाकार तोच राहतो. एवढी नोंद ठेवून ३४ च्या जवळ आलात, तर नळीतील त्या हवेने आपली उष्णता कोणाला दिली नाही, हे तुम्ही स्वतःच्या फूटपट्टीने मोजलेत असे समजा.